४१ शब्दांचं ध्येय ४ शब्दांवर कसं आणायचं, उद्देश न सांडता

बऱ्याच संस्थांचं असं असतं की फाइलमध्ये एक लांबलचक ध्येय लिहिलेलं असतं आणि बोर्डावर "शिक्षण, संस्कार, सेवा" असं काहीतरी, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. आमचंही तेच होतं. सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत आम्ही अभ्यासिका चालवतो, पाचवी ते दहावीची पन्नासेक पोरं, रोज संध्याकाळी सहा ते नऊ. बहुतेकांच्या आया विडी वळतात, वडील यंत्रमागावर. घर म्हणजे एक खोली, त्यात आईचं सूप, तंबाखूचा वास, शेजारी मागाची खडखड, अभ्यास करणार कुठं?

तर गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ वह्या गोळा करायला टेबल टाकायचं ठरलं, त्याला फ्लेक्स पाहिजे, फ्लेक्सवर एक ओळ पाहिजे, म्हणजे टॅगलाइन. आता ओळ आणायची कुठून? ध्येय काढलं फाइलमधून. ते असं:

"समाजातील वंचित, दुर्लक्षित व कष्टकरी घटकांतील, विशेषतः विडी व यंत्रमाग कामगार कुटुंबांतील, बालकांच्या सर्वांगीण विकासासाठी पूरक शिक्षण, मार्गदर्शन व अनुकूल वातावरण उपलब्ध करून देऊन त्यांना शालेय प्रवाहात टिकवून ठेवणे आणि त्याद्वारे सक्षम, स्वावलंबी व जबाबदार नागरिक घडविणे हे संस्थेचे ध्येय आहे."

मोजले, ४१ शब्द. यात्रेच्या गर्दीत हे कोण वाचणार.

पण एक गोष्ट आधीच सांगतो, हे ध्येय वाईट नाहीये आणि ते बदलायचंही नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करताना उद्देश मुद्दाम ऐसपैस लिहितात, उद्या शिबिर घ्यायचं झालं, दप्तरं वाटायची झाली तर कुणी "हे तुमच्या उद्देशात बसत नाही" म्हणू नये म्हणून. म्हणजे ध्येयवाक्याचं काम सगळं आत घेणं आणि टॅगलाइनचं काम एक सोडून सगळं बाहेर ठेवणं. दोन्ही कामं उलटी आहेत, त्यामुळं ध्येय "आखूड करून" टॅगलाइन होत नाही, त्यातून एक गोष्ट उचलावी लागते. आम्ही पहिल्यांदा आखूडच करायला बसलो होतो आणि "वंचितांच्या सर्वांगीण विकासासाठी" वर येऊन थांबलो, जी ओळ अर्ध्या महाराष्ट्रातल्या संस्थांच्या लेटरहेडवर सापडेल.

आधी पेन्सिल घ्या आणि खोडा

ध्येय मोठ्या अक्षरात कागदावर प्रिंट करा. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा, हा शब्द वृद्धाश्रमाला चालेल का, पतसंस्थेला चालेल का, साखर कारखान्याला चालेल का? चालत असेल तर खोडा. शब्द चुकीचा आहे म्हणून नव्हे, तो तुम्हाला ओळखू देत नाही म्हणून.

हे पटत नसेल तर एसटी आठवा. एसटीचं ब्रीद आहे "बहुजन हिताय बहुजन सुखाय". आकाशवाणीचं ब्रीद काय? तेच! एक बस चालवते, एक रेडिओ, आणि ओळ दोघांनाही बसते. ब्रीद म्हणून ती मोठी आहे, पण तिच्यावरून संस्था काय करते ते कळत नाही. आता "गाव तिथे एसटी" घ्या. तीन शब्द, पण दुसऱ्या कुणाला लावून बघा, बसणारच नाही, शिवाय उद्देशही त्यात आहे आणि तो पाळला की नाही तेही गावात उभं राहून सांगता येतं. किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं "ज्ञानगंगा घरोघरी". १९८९ साली विद्यापीठ निघालं तेच ज्यांना रोज कॉलेजात येता येत नाही त्यांच्यासाठी, त्यामुळं त्यातला खरा शब्द "ज्ञान" नाही, "घरोघरी" आहे. ज्ञान कुठलंही विद्यापीठ म्हणेल.

तर आमच्या कागदावर वंचित, दुर्लक्षित, सर्वांगीण, मार्गदर्शन, अनुकूल वातावरण, सक्षम, स्वावलंबी, जबाबदार, नागरिक सगळं गेलं. उरलं ते एवढंच: विडी व यंत्रमाग कामगार कुटुंबांतील बालकांना शालेय प्रवाहात टिकवून ठेवणे. १० शब्द. मला स्वतःला धक्का बसला कारण ४१ मधले ३१ शब्द गेले तरी काम तेच राहिलं.

इथं एक सावधगिरी. "विडी व यंत्रमाग" हे खोडायचा मोह होतो कारण ते बोजड वाटतं. पण तीच तर ओळखीची गोष्ट आहे. शब्द जड आहे आणि शब्द रिकामा आहे यात फरक करा, जड शब्द नंतर हलका करता येतो किंवा दुसरीकडं हलवता येतो, रिकाम्याचं काही करता येत नाही.

उरलेल्यातलं काय ओळीत आणि काय बाहेर

बोर्डावर तीन गोष्टी सांगायच्या असतात, कुणासाठी, काय आणि कशासाठी. उरलेल्या दहा शब्दांत पहिली आणि तिसरी आहे, आपण करतो काय ते वेगळं सांगावं लागतं. चार-पाच शब्दांत तिन्ही कोंबायला गेलं की ओळ परत सरकारी होते. पण बोर्डावर टॅगलाइन एकटी नसते हे लोक विसरतात. वर संस्थेचं नाव असतं आणि खाली एक साधी माहितीची बारीक ओळ टाकता येते. मग वाटणी करा. आमची अशी झाली: "कुणासाठी" आणि "काय" खालच्या बारीक ओळीत, म्हणजे "विडी व यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका", आणि टॅगलाइनला फक्त "कशासाठी".

टॅगलाइनला काय द्यायचं हे ठरवायचा माझा साधा नियम, जी गोष्ट माणूस बघून ओळखू शकत नाही ती ओळीत घाला. आमच्याकडं कुणी आलं तर पोरं अभ्यास करतायत हे दिसतंच, संध्याकाळ आहे हेही दिसतं. हे कशासाठी चाललंय ते दिसत नाही, लोकांना ट्यूशन वाटते. म्हणून ते सांगायचं. तुमच्या संस्थेत उलटं असू शकतं, समजा रक्तपेढी आहे, कशासाठी ते सगळ्यांना माहीत असतं, मग तुमचं वेगळेपण कशात आहे ते ओळीत जाईल.

क्रियापद फाइलमधून नको, माणसांकडून आणा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच लोक गाळतात. "शालेय प्रवाहात टिकवून ठेवणे" असं कुणी बोलतं का? ही कागदाची भाषा. बोलण्यातलं क्रियापद शोधायला आम्ही दोन-तीन दिवस फक्त विचारत फिरलो. प्रश्न "आपलं ध्येय काय" असा विचारायचा नाही, विचारला की समोरचा लगेच भाषणावर जातो. विचारायचं, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही नक्की काय करत होता? किंवा, आपण हे उद्या बंद केलं तर काय होईल? आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचं, सुधारून नाही.

आमच्याकडं शिकवणारी एक ताई म्हणाली, "सर, मी काय लई शिकवत नाय, हा उद्या शाळेत गेला पाहिजे एवढंच बगते." मी म्हटलं थांबा, हे लिहितो. मग एका आईला विचारलं, त्या सुपातलं पान कातरता कातरता म्हणाल्या, "मोठीची शाळा सुटली बगा आठवीत, घरी विडीला बसली. हिची सुटू नये." मान वर न करता बोलल्या त्या.

झालं. शब्द मिळाला. "शाळा सुटणे." टिकवून ठेवणे नाही, प्रवाह नाही, गळती नाही. "गळती" हा शब्द शिक्षण खात्याचा आहे, घरात नळ गळतो, पोरगी गळत नाही. लोक म्हणतात शाळा सुटली. आता ४१ शब्दांतलं "शालेय प्रवाहात टिकवून ठेवणे" आणि त्या आईचं "सुटू नये" हे अर्थानं एकच आहे, फक्त एक फाइलमधलं आहे आणि एक तोंडातलं.

मग वीसेक ओळी लिहा आणि बहुतेक फेका

एका ओळीवर प्रेम जडायच्या आत वीस तरी लिहा. आमच्या वहीतल्या काही सांगतो, कशा मेल्या तेही.

"धागा तुटू नये". एका ट्रस्टीची आयडिया, आणि खरं सांगू मलाही लई आवडली होती. मागावर धागा तुटला की गाठ मारून पुढं न्यायचा असतो, वडील यंत्रमागावर, छान जुळतंय सगळं. पण हे सोलापूर आहे राव. इथं बोर्डावर धागा दिसला की माणूस सूताचा भाव विचारायला आत येतो. उपमा जितकी तुमच्या गावातली तितकी तिचा सरळ अर्थच घेतला जायची शक्यता जास्त, पुण्यात कदाचित चालली असती.

"घडवूया उद्याचे नागरिक". हे खोडलेल्या शब्दांतून मागच्या दारानं परत आलं. असं होतंच, यादी झाली की पहिली चाचणी पुन्हा एकदा लावा.

"प्रत्येक मूल शाळेत". ओळ चांगली, पण खोटी. प्रत्येक मूल? आमच्याकडं पन्नास आहेत. आणि ती शाळेत घालणाऱ्या संस्थेची ओळ आहे, आमची पोरं शाळेत आधीच आहेत, प्रश्न राहण्याचा आहे.

"शाळा सुटल्यावरची शाळा". हिच्यावर आम्ही आठ दिवस खूश होतो, तीनच शब्द, कानाला गोड. ती कशी मेली ते पुढच्या पायरीत.

अनोळखी माणसाला वाचून दाखवा, अर्थ सांगू नका

पद्धत सोपी आहे. ज्याला तुमची संस्था माहीत नाही अशा पाच-सहा जणांना फक्त ओळ ऐकवायची आणि विचारायचं, "ही संस्था काय करत असेल?" आवडली का असं विचारायचं नाही, आवडली का म्हटलं की लोक छान म्हणतात आणि चहा पितात. पाचातल्या दोघांनी जरी चुकीचं सांगितलं तरी ओळ बाद, मग ती कितीही गोड असो. आणि मुख्य म्हणजे मध्ये बोलायचं नाही, "नाही नाही, तसं नाही, आम्हाला असं म्हणायचंय" असं तुम्हाला म्हणावंसं वाटलं की समजा ओळ नापास झाली, कारण बोर्डाशेजारी तुम्ही उभे नसणार.

चौकातल्या टपरीवर "शाळा सुटल्यावरची शाळा" म्हटलं तर टपरीवाले अण्णा म्हणाले, "हा हा, शाळा सोडलेल्यांची रात्रशाळा, आमच्या मेव्हण्याला पाठवतो, दहावी नापास हाय." बरोबर उलटा अर्थ! आम्हाला म्हणायचं होतं दिवसाची शाळा सुटल्यावर, ते समजले कायमची सुटल्यावर. चूक त्यांची नव्हती, मराठीत शाळा रोज पाच वाजताही सुटते आणि आठवीतही सुटते, शब्द एकच.

मग "शाळा सुटू नये म्हणून" वर आलो. मोठ्या माणसांना पाचपैकी चौघांना कळलं. खूश होऊन अभ्यासिकेत वाचून दाखवलं तर पाचवीतला एक बारका घाबरून म्हणतो, "म्हंजे शाळा सुटणारच नाय? मग घरी कवा जायचं?" सगळी पोरं हसली, आम्ही पण हसलो, पण रात्री विचार केला की दुसरा अर्थ तिथं आहेच की, आणि फ्लेक्सवर कुणी तरी त्याची चेष्टा करणारच.

अशा वेळी अख्खी ओळ फेकायची नसते, दुसरा अर्थ बंद करणारा एक शब्द शोधायचा. आम्ही "मध्येच" लावून बघितलं, "कायमची" लावून बघितलं, मग "अर्ध्यावर". रोज पाचला सुटते ती शाळा अर्ध्यावर सुटत नाही, तर दुसरा अर्थ गेला. "म्हणून" काढलं कारण "अर्ध्यावर" आल्यावर ओळ लांबली आणि "सुटू नये" वर थांबली की ती जास्त ठाम वाटते. उरलं:

शाळा अर्ध्यावर सुटू नये

चार शब्द. वाचणाऱ्याला नकारात्मक वाटेल असं एकानं म्हटलं, "नये" नको, काहीतरी पॉझिटिव्ह पाहिजे. हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण "शाळा पूर्ण व्हावी" म्हटलं की त्यात भीती राहत नाही, आणि त्या आईच्या बोलण्यात भीती होती. जिथं तुमचं कामच काहीतरी होऊ न देण्याचं आहे, गळती, आग, अपघात, तिथं नकार चालतो. शाळेची बाग करणाऱ्या संस्थेनं मात्र "झाडं मरू नयेत" लिहू नये.

आणखी एक चाचणी, सोलापुरात ती लागतेच. आमच्या अर्ध्या घरांत तेलुगू बोलतात, काहींत कानडी. पालकांच्या मीटिंगमध्ये ओळ मराठीत एकदाच वाचली आणि एका अक्कांना म्हटलं, मागं बसलेल्यांना तुमच्या भाषेत सांगा. त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं, मग मागच्या बाईंना ते परत मराठीत सांगायला लावलं. अर्थ जसाच्या तसा परत आला. श्लेष किंवा यमकावर उभी असलेली ओळ या फेरीत पडते, "सुटल्यावरची शाळा" पडलीच असती.

ओळ खरी आहे का, रजिस्टर बघा

ओळ ठरली की कामाशी ताडून बघायची, आणि हे भावनेनं नाही, हजेरीच्या रजिस्टरनं. आम्ही गेल्या तीन वर्षांची नावं काढली आणि प्रत्येक नावापुढं लिहिलं, आज शाळेत आहे, दहावी झाली, की सुटली. तेव्हा लक्षात आलं की पोरगं अभ्यासिकेत यायचं थांबलं की आम्ही त्याचं नाव कमी करत होतो आणि पुढं काय झालं ते बघतच नव्हतो. म्हणजे ओळ म्हणते शाळा सुटू नये आणि आमच्याकडं कुणाची सुटली त्याची नोंदच नाही! अशा वेळी दोनच रस्ते, ओळ बदला नाहीतर काम बदला. आम्ही रजिस्टरला एक कॉलम वाढवला, "तीन दिवस गैरहजर, घरी गेलो का". जर तेवढं करायची तयारी नसती तर ओळ "अभ्यासाला जागा" अशी काहीतरी ठेवावी लागली असती, ती लहान आहे पण खरी तरी आहे.

कमिटीपुढं नेताना

इथं चांगल्या चांगल्या ओळी मरतात. मतदान घेऊ नका. मतदानात कुणालाच नको असलेली ओळ जिंकते, प्रत्येकाचा एकेक शब्द घालून "शिक्षण व संस्कारातून उज्ज्वल भविष्याकडे" तयार होतं. आमचे अध्यक्ष रिटायर्ड हेडमास्तर, त्यांचा जीव "सर्वांगीण" मध्ये. त्यांना मी ४१ शब्दांचा खोडलेला कागद दाखवला, आणि आधी सांगितलं की सर, घटनेतलं एक अक्षर बदलत नाही, प्रस्तावात पहिल्या पानावर तुमचंच वाक्य पूर्ण जाईल. मग "सुटू नये" म्हणणाऱ्या आईचं वाक्य वाचलं. सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "व्याकरणाला धरून आहे, घ्या." कमिटीला तीन पर्याय दिलेच तर तिन्ही चाचणीतून पास झालेले द्या, नापास पर्याय शोभेला ठेवला की नेमका तोच उचलला जातो.

छापताना

हे बारीक वाटतं पण आमचं इथंच पहिलं नुकसान झालं. ओळ व्हॉट्सॲपवर पाठवली, डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरवर जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट, कन्व्हर्ट करताना रफार सरकला आणि फ्लेक्सवर आलं "शाळा अध्र्यावर सुटू नये". शिक्षणाची संस्था आणि बोर्डावर "अध्र्यावर"! पैसे गेले ते गेले, अध्यक्ष सरांनी दोन दिवस फोन उचलला नाही. तेव्हा ओळीत रफार किंवा जोडाक्षर असेल (अर्ध्या, कार्य, विद्यार्थी, हे नेहमीचे) तर प्रूफ फोटोतून नाही, प्रिंट काढून बघा, आणि ओळ लिहिणाऱ्यानं नाही, दुसऱ्यानं वाचा, कारण लिहिणाऱ्याला चूक दिसतच नाही.

रबरी शिक्क्यात ओळ घालू नका. लहान आकारात "र्ध्या" शाईनं भरून काळा ठिपका होतो, आम्ही दोनदा करून बघितलं. पावती पुस्तकावर चालते, नावाखाली, नावापेक्षा लहान. फ्लेक्सवर मात्र आम्ही उलटं केलं, ओळ मोठी आणि नाव लहान, कारण यात्रेत येणाऱ्याला आमचं नाव माहीत नाही आणि वह्या तो नावाला देणार नाही. टेबलापुढं थांबलेले लोक "कुणाची सुटते शाळा?" असं विचारायला लागले, आणि खालची बारीक ओळ बोट लावून दाखवली की उत्तर तिथंच होतं.